वीस सेकंदांचा फोल्ड: तक्रार संगनमताची, निघालं भलतंच

हे प्रकरण मी एका ऑनलाइन पोकर साइटच्या गेम इंटिग्रिटी टीममध्ये होतो तेव्हाचं आहे. खेळाडूंची ओळख पटू नये म्हणून नावांऐवजी क, ख, ग, घ अशी अक्षरं घेतली आहेत आणि आकडे थोडे इकडचे तिकडे केले आहेत. हिशेब मात्र जुळतात.

## पार्श्वभूमी

रविवारची स्पर्धा होती. प्रवेश १०९ डॉलरचा, त्यातले १०० बक्षिसांच्या रकमेत आणि ९ साइटला. एकूण ११४० नोंदी, म्हणजे बक्षिसाची रक्कम १,१४,००० डॉलर. रात्री साडेअकराच्या पुढे अंतिम टेबलवर पाच जण उरले होते.

आमच्याकडे गडबडी मुख्यतः तीन खणांत पडतात. पहिला बॉटचा, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅम खेळतो. दुसरा संगनमताचा: दोघं-तिघं मिळून एकाच टेबलवर बसतात, एकमेकांची पानं सांगतात, एकमेकांना मारत नाहीत किंवा चिप्स सोडून देतात. तिसरा घोस्टिंगचा. खातं एकाचं असतं, पण हात, म्हणजे पानांचा एक डाव, चालू असताना डोकं दुसऱ्याचं चालतं. कुणी फोनवर सल्ला देतो, कुणी स्क्रीन बघून सांगतो. आणि अगदीच निर्ढावलेला असेल तर शेवटच्या टप्प्यात लॉगिन घेऊन स्वतःच खेळायला बसतो. या शेवटच्या प्रकाराला नियमावलीत वेगळं नाव असलं तरी टीममध्ये आम्ही सगळ्याला घोस्टिंगच म्हणायचो.

हे तीन खण कागदावर सुटसुटीत दिसतात. तक्रार येते तेव्हा ती कुठल्या खणातली आहे हे तक्रार करणाऱ्यालाही नीट माहीत नसतं, आणि आम्ही त्याच्याच शब्दावरून सुरुवात करतो. इथे तेच झालं.

## तक्रार

मध्यरात्रीनंतर दहा मिनिटांत ग या खेळाडूचा मेल आला. तो नुकताच पाचवा आला होता. मेलमध्ये हाताचा क्रमांक, खाली शिव्या आणि एक वाक्य होतं: 'हे दोघं मिळालेले नाहीत तर मी पोकर सोडतो.'

हात बघितल्यावर राग समजला. ब्लाइंड, म्हणजे दोघांना पानं बघण्याआधी लावाव्याच लागणाऱ्या चिप्स, ५०,००० आणि १,००,०००; शिवाय अँटे, म्हणजे दर हाताला प्रत्येकाने भरायच्या चिप्स, १२,५००. क बटणावर, म्हणजे पानं वाटणाऱ्याच्या जागेवर होता, त्याच्याकडे अँटे भरून जेमतेम १,८०,००० चिप्स उरल्या होत्या. त्याने सगळ्या लावल्या. स्मॉल ब्लाइंडवर ग स्वतः होता, त्याने फोल्ड केलं, म्हणजे पानं टाकून दिली. बिग ब्लाइंडवर ख. त्याच्याकडे तीस लाखांच्या वर चिप्स, आणि कॉल करायला, म्हणजे क च्या बेटची बरोबरी करायला, हवे होते फक्त ८०,०००. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, क चे १,८०,०००, दोन ब्लाइंडचे दीड लाख आणि पाच अँटेचे ६२,५०० मिळून ३,९२,५०० होते. ऐंशी हजार टाकून पावणेपाच लाखांच्या पॉटवर हक्क मिळत होता, म्हणजे जिंकण्याची शक्यता १७ टक्के असली तरी कॉल परवडत होता. अशा घाईच्या ऑल-इनसमोर पत्त्यांतली सगळ्यात रद्दी जोडी, वेगवेगळ्या रंगाची सत्ती-दुर्री, सुद्धा साधारण तीस टक्क्यांच्या आसपास जिंकते.

ख ने जवळपास वीस सेकंद घेतले आणि फोल्ड केलं.

आम्हाला त्याची झाकलेली पानं दिसतात. इस्पिकचा राजा आणि चौकटची नव्वी होती. क जगला, पुढच्या अर्ध्या तासात त्याने चिप्स वाढवत नेल्या आणि त्यानेच ग ला बाहेर काढलं. ग च्या जागी मी असतो तरी तोच मेल लिहिला असता.

## त्या रात्रीचा निर्णय

चौघे अजून खेळत होते. पर्याय तीन होते. टेबल थांबवायचं, ख आणि क ला खेळातून काढायचं, किंवा स्पर्धा संपू द्यायची आणि दोघांची बक्षिसं अडकवून ठेवायची.

टेबल थांबवणं ऐकायला कडक वाटतं, पण त्याची किंमत निर्दोष खेळाडू भरतात. लय तुटते, कुणाला सकाळी कामावर जायचं असतं, आणि संशय खोटा निघाला तर झालेलं उलटं फिरवता येत नाही. मधूनच काढणं त्याहून वाईट, कारण एका हाताच्या जोरावर आपणच स्पर्धेचा निकाल बदलतो. पैसा मात्र साइटच्या हातात असतो तोपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं. म्हणून आम्ही तिसरा पर्याय घेतला. ख दुसरा आला, क चौथा. दोन्ही खात्यांतून पैसे काढणं बंद केलं.

ख बद्दलचा निर्णय आजही बरोबर वाटतो. क बद्दल पुढे लिहितो.

## पहिला चकवा: बॉट

ख चं खातं उघडलं तर तिथे आधीच एक पिवळा झेंडा होता. तीन आठवड्यांपूर्वी आपोआप चालणाऱ्या तुलनेत ख आणि आणखी दोन खात्यांचे आकडे संशयास्पद जवळ आले होते. किती टक्के हात खेळतात, किती वेळा फ्लॉपआधी, म्हणजे टेबलवर पहिली तीन पानं उघडण्याआधी, रेझ करून बेट वाढवतात, कुठल्या जागेवरून काय उघडतात, सगळं अर्ध्या-एक टक्क्याच्या फरकात. बॉटची टोळी पकडली जाते ती बहुतेक वेळा अशीच. एकच प्रोग्रॅम दहा खात्यांवर चालतो, आणि पुरेसे हात जमले की दहाही खात्यांची सवय एक निघते.

माझा सहकारी म्हणाला, 'सोपं आहे. बॉट होता, अडकला, वेळ संपली, फोल्ड झालं.' मलाही पटलं होतं. त्यात आमचे दोन दिवस गेले.

मग क्लिक बघितले. क्लायंट प्रत्येक क्लिकची जागा नोंदवतो. माणूस फोल्डचं बटण दाबतो तेव्हा क्लिक एका कोपऱ्याकडे दाटतात, कारण माउस नेहमी त्याच बाजूने येतो आणि बटणात शिरला की माणूस दाबतो, मध्य शोधत बसत नाही. बॉट लिहिणाऱ्याला ठाऊक असतं की एकाच ठिकाणी दाबणं पकडलं जाईल, म्हणून तो बटणाच्या चौकोनात कुठेही, अशी सोय करतो. मग क्लिक चौकोनभर सारखे पसरतात, बी पेरल्यासारखे. ख चे क्लिक डावीकडे वर दाटलेले होते. एका सत्रात तर सगळा पुंजका उजवीकडे सरकला होता. बहुधा त्या दिवशी त्याने टेबलांची मांडणी बदलली असावी.

वेळेचंही तसंच. बॉटला उशीर करायला शिकवता येतं, पण तो उशीर सहसा अवघडपणाशी जोडलेला नसतो. ख कचरा पानं दीड सेकंदात टाकायचा, रिव्हरवर, म्हणजे शेवटचं पान उघडल्यावर, मोठी बेट आली की पंधरा सेकंद घ्यायचा. चॅटमध्ये तो हरल्यावर रडायचा, आणि एकदा शून्य जास्त पडून दहापट बेट गेली होती तेव्हा त्याने स्वतःलाच दोन शिव्या घातल्या होत्या.

मग आकडे का जुळत होते? तिघंही एकाच माणसाकडून एकच चार्ट, म्हणजे कुठल्या पानांनी काय करायचं याचा तक्ता, शिकत होते. एकाच शिकवणीतली मुलं एकाच पद्धतीने गणित सोडवतात, तसं. झेंडा खोटा नव्हता, त्याचा अर्थ आम्ही चुकीचा लावला.

## दुसरा चकवा: संगनमत

आता क आणि ख मधलं नातं. संगनमत एका हातावरून कधीच सिद्ध होत नाही. एका हातात माणूस झोपेत असतो, बटण चुकतो, घाबरतो. आपण बघतो ते जोडीचं वागणं: दोघं किती वेळा एकत्र बसतात, पॉटमध्ये दोघंच उरले की चांगल्या पानांनी बेट करतात की फुकटात शेवटपर्यंत नेतात, तिसरा मध्ये असला की दोन्ही बाजूंनी रेझ करून त्याला पिळतात का, आणि पैशाची वाट कुठे मिळते का.

क आणि ख शेकडो स्पर्धांपैकी फक्त सहांमध्ये एका टेबलवर आले होते, तेही साइटने जागा वाटून दिल्यामुळे. दोघांतच लढले गेलेले ३१ पॉट मिळाले. मी ते सगळे झाकलेली पानं उघडून एकामागून एक पाहिले. त्यातल्या एकात ख ने क ला राणीच्या जोडीने सगळ्या चिप्स लावायला भाग पाडून बाहेर काढलं होतं, अशा टप्प्यावर जिथे मित्राने मित्राला सोडलं असतं. पैशाचे व्यवहार नाहीत, एकसारखी उपकरणं नाहीत, काही नाही.

म्हणजे राजा-नव्वीचा तो फोल्ड एकटाच उरला. तो कशानेच समजावता येत नव्हता. तेव्हा, खरं तर पहिल्या तासात करायचं होतं ते काम मी तिसऱ्या दिवशी केलं. हातांची नोंद बाजूला ठेवून सर्व्हरची नोंद उघडली.

## बावन्न ओळींतल्या चार

```
23:41:07  ACTION_PROMPT
23:41:09  SESSION_END   dev 4f
23:41:27  AUTO_FOLD     timeout
23:41:46  LOGIN_OK      dev 9c
```

ख ने फोल्ड केलंच नव्हतं. त्याची पाळी आली, दोन सेकंदांत सत्र बंद झालं, वीस सेकंद संपले आणि सर्व्हरने पानं टाकली. ग ला जो विचार करण्याचा अभिनय वाटला, तेव्हा खुर्ची रिकामी होती. एकोणीस सेकंदांनी तेच खातं उघडलं, पण दुसऱ्या मशीनवर.

आमच्या साइटवर एका खात्याचं एकच सत्र चालतं. दुसरीकडून आत यायचं तर पहिल्याने बाहेर पडावं लागतं, आणि नवीन मशीन असेल तर फोनवर आलेला कोड टाकावा लागतो. तो कोड ख ने पाहायचा, समोरच्याला सांगायचा, त्याने टाकायचा. एवढ्यात ३७ सेकंद जातात. त्यांनी दोन हातांच्या मध्ये बदल करायचा ठरवलं असणार, पण पानं वाटली गेली आणि नेमका क ने ऑल-इन टाकला.

`9c` हे मशीन आमच्या ओळखीचं होतं. त्यावरून घ नावाचा एक जुना, तगडा खेळाडू नेहमी खेळायचा. त्याच संध्याकाळी तो याच स्पर्धेत ४१ वा येऊन बाहेर पडला होता. त्याने व्हीपीएन लावून पत्ता बदलला होता, मशीन बदलायला मात्र तो विसरला.

## ख चं म्हणणं आणि ते कसं तपासलं

ख ला विचारलं तेव्हा तो म्हणाला की इंटरनेट गेलं, शेजारच्या खोलीत मित्र होता, त्याच्या लॅपटॉपवरून मीच खेळलो. हे अशक्य नाही. असं घडतं, आणि अशा उत्तरांना उडवून लावणारी टीम लवकरच निर्दोष माणसाला शिक्षा देते. व्हीपीएनमुळे दोघं एका घरात होते की नाही हे आम्ही सांगू शकत नव्हतो. मशीन कुणाचं हे माहीत होतं. त्यापुढे बसलेलं कोण होतं, हा खरा प्रश्न.

त्याचं उत्तर बेट टाकण्याच्या सवयीत मिळालं. ख आयुष्यभर, म्हणजे आमच्याकडच्या चौदा महिन्यांत, तयार बटणं वापरत आला होता: अर्धा पॉट, पूर्ण पॉट. कधीमधी स्लायडर. २३:४१ नंतर एकही तयार बटण दाबलं गेलं नाही. सगळे आकडे कीबोर्डवरून, आणि तेही २,१३,००० असे विचित्र. घ च्या खात्यावर वर्षानुवर्षं नेमकी हीच पद्धत होती. लॅपटॉप उसना मिळतो, पण तीस सेकंदांत बोटांची सवय उसनी मिळत नाही.

खेळाचा दर्जा सुधारला हा पुरावा आम्ही वापरला नाही. बदल दिसत होता, पण त्या शेवटच्या टप्प्यात ऐंशीच्या आसपास हात होते आणि थ्री-बेट, म्हणजे समोरच्याच्या रेझवर पुन्हा रेझ, करण्याची संधी त्यातल्या जेमतेम वीसेक हातांत. एवढ्यावर टक्केवारी काढणं म्हणजे नाणं चार वेळा उडवून ते खोटं ठरवणं.

कीबोर्डची नोंद समोर ठेवल्यावर ख ने दोन दिवसांनी कबूल केलं. घ त्याचा शिक्षक होता, प्रवेशाचे पैसे घ भरायचा आणि जिंकलेल्यातला अर्धा वाटा घ्यायचा. बॅकिंगचा हा करार स्वतः नियमबाह्य नाही. 'शेवटचे पाच उरले की मला दे' हे मात्र आहे.

## शिक्षा, आणि पैसे कुणाला

खात्यांचं ठरवायला वेळ लागला नाही. घ कायमचा बंद. ख ची दुसऱ्या क्रमांकाची १५,२०० डॉलरची रक्कम जप्त आणि खातं बंद, पण त्याने स्वतः भरलेले आणि आधीच्या स्पर्धांतून उरलेले पैसे परत, कारण त्या स्पर्धांबद्दल आमच्याकडे पुरावा नव्हता. घ च्या ४१ व्या क्रमांकाच्या ३८० डॉलरवर वाद झाला. तिथपर्यंत तो स्वतःच्या खात्यावर सचोटीने खेळला होता. पण एकाच स्पर्धेत एक माणूस दोन खात्यांवर खेळला की त्याच्या दोन्ही जागा जातात, असा आमचा नियम होता, आणि तेच लावलं.

खरी ओढाताण १५,२०० कसे वाटायचे यावर झाली. एक मत होतं की ख मुळे ज्यांचं नुकसान झालं त्यांना द्यावेत. न्याय्य वाटतं, पण मोजायचं कसं? घ च्या हातून हरून तिसरा आलेल्याने नाहीतर किती मिळवलं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही. शेवटी प्रत्येकाला एक पायरी वर सरकवलं. तिसऱ्याला १०,९०० ऐवजी १५,२००. चौथ्या क ला ७,९०० ऐवजी १०,९००. पाचव्या ग ला ५,७०० ऐवजी ७,९००. असं खालपर्यंत. ४१ व्याच्या खालचे दोन पायऱ्या सरकले, आणि बक्षिसाच्या रेषेबाहेर राहिलेल्या पहिल्या दोघांना अचानक किमान बक्षीस आलं. या पद्धतीला आधारही जुना आहे. २००७ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ ऑनलाइन पोकरच्या मुख्य स्पर्धेत जिंकलेलंच खातं अपात्र ठरलं होतं आणि दुसऱ्याला विजेता करून बाकीच्यांना वर सरकवलं गेलं होतं.

## जे सिद्ध झालं नाही

ख बरोबर झेंड्यात आलेली ती दोन खाती घ चीच विद्यार्थी होती. त्यांच्यात मशीन बदललं नव्हतं. पण जुन्या अंतिम टेबलांच्या वेळा पाहिल्या तेव्हा एक गोष्ट खटकली. सुरुवातीच्या तासांत दोघं कचरा पानं दीड-दोन सेकंदांत टाकायचे. शेवटच्या दोन टेबलांवर तीच पानं टाकायला सहा-सात सेकंद लागत होते, आणि सोप्या-अवघड निर्णयांतला फरकच पुसला गेला होता. पानं बोलून सांगायची, उत्तराची वाट बघायची, मग दाबायचं, असं असेल तर वेळ अशीच दिसते. मोठ्या पैशाच्या दडपणाखाली सावध झालेल्या माणसाचीही काहीशी अशीच दिसते.

दुसऱ्या फोनवरचं बोलणं साइटला ऐकू येत नाही. या गुन्ह्यातली ही भिंत आहे आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरने पडत नाही. दोघांना लेखी ताकीद दिली, आणि पुढच्या मोठ्या स्पर्धांत शेवटच्या दोन टेबलांवर कॅमेरा चालू ठेवून, खोली आणि हात दिसतील असं चित्रण करण्याची अट घातली. एकाने ती पाळली. दुसऱ्याने पैसे काढून घेतले आणि परत आला नाही. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक क च्या बाबतीत झाली. ३१ पॉट तपासायला मला एक दुपार लागली, आणि ती दुपार मी बॉटच्या मागे घालवली. त्यामुळे क चे पैसे चार दिवस अडकले. दोन जणांवर आरोप असेल तर ज्याची बाजू लवकर तपासून संपते त्याला आधी मोकळं करायला हवं. आता मी तसंच करतो.

दुसरं म्हणजे क्रम. विचित्र वाटणारा फोल्ड आला की खेळाडूने तो का केला हे विचारण्याआधी त्याने तो केला का हे बघायचं. `AUTO_FOLD` हा शब्द तीन दिवस आमच्या सर्व्हरवर पडून होता. हातांच्या नोंदीत मात्र हाताने केलेला आणि वेळ संपून झालेला फोल्ड सारखाच दिसायचा. नंतर आम्ही तो फरक तपासाच्या पडद्यावर आणला, आणि बक्षिसाच्या रेषेनंतर नवीन मशीनवरून लॉगिन झालं की आपोआप झेंडा लागेल अशी सोय केली.

## निकालानंतर

ग ला ठरलेला मेल गेला: तुमच्या तक्रारीनंतर तपास झाला, नियमभंग आढळला, तुमच्या खात्यात २,२०० डॉलर जमा केले आहेत. कुणी काय केलं हे आम्ही लिहीत नाही. पकडलं कसं हे तर अजिबातच नाही, नाहीतर पुढचा घ मशीनही बदलेल आणि बटणंही दाबेल.

तासाभरात त्याचं उत्तर आलं: 'म्हणजे दोघं मिळालेलेच होते. मी म्हटलंच होतं.'

तसं नाही हे सांगायचं तर क निर्दोष आहे म्हणावं लागलं असतं, आणि तेवढ्यावरून ख चं नाव उघड झालं असतं. मी पुन्हा तोच ठरलेला मजकूर पाठवला. त्यानंतर कित्येक महिने क आणि ग एका टेबलवर आले की ग चॅटमध्ये एकच ओळ टाकायचा: 'आज जोडीदार कुठाय?' क ने त्याची तक्रार केली, आणि चॅटच्या नियमाखाली आम्ही ग ला एका आठवड्यासाठी गप्प केलं.